सहा आठवड्यांचं बिल कुणाच्या नावावर?

महिन्याची १४ तारीख होती. तालुक्याच्या गावातलं माझ्या एका मित्राचं ऑफिस. तो करसल्लागार आहे. तीन टेबलं, दोन संगणक, भिंतीला लागून फायलींची चळत. समोर नवी मुलगी बसलेली. बी.कॉम., पहिला वर्ग, ऑफिसात येऊन आठवडा झालेला. मित्राने तिला एका हार्डवेअर दुकानदाराची खरेदीची यादी दिली आणि म्हणाला, "टू-बी आलंय, जुळवून घे." ती तशीच बसून राहिली. काय जुळवायचं, कशाशी जुळवायचं, काहीच कळेना. मित्र माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ, हे तुमचं बी.कॉम."

मी तीस वर्षं वाणिज्य शाखेत शिकवलं. त्यामुळे ते वाक्य मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

आधी त्या मुलीपुढे आलेलं काम काय होतं ते नीट बघू. दुकानदार माल घेतो तेव्हा बिलात जीएसटी भरतो. स्वतः माल विकून गोळा केलेल्या करातून ती रक्कम वजा करून उरलेला कर तो सरकारला देतो. ही वजावट मात्र त्याच्या मनाप्रमाणे होत नाही. माल देणाऱ्याने आपल्या विवरणपत्रात ते बिल दाखवलेलं असलं पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की, पुरवठादाराने दाखवलेलं बिल तुमच्या टू-बी नावाच्या तक्त्यात आलं तरच वजावट मिळते. पुरवठादाराने पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विक्री दाखवायची, १४ तारखेला टू-बी तयार होतं आणि २० तारखेला दुकानदाराने कर भरायचा. म्हणजे १४ ते २० हे सहा दिवस करसल्लागाराच्या ऑफिसात जत्रा असते.

त्या हार्डवेअरवाल्याचं ऑक्टोबरमधलं एक बिल होतं. माल १ लाखाचा, कर १८ हजार. दुकानाच्या यादीत ते होतं, टू-बीमध्ये नव्हतं. कारण पुरवठादाराने आपलं विवरण ११ नोव्हेंबरऐवजी १३ तारखेला भरलं. आता ते बिल डिसेंबरच्या १४ तारखेला दिसणार. तोवर दुकानदाराला ते १८ हजार खिशातून भरावे लागणार आणि महिनाभर अडकणार. नाही भरले, वजावट घेऊन वापरून टाकली, तर नोटीस आणि वर्षाला १८ टक्के दराने व्याज. दुसऱ्या एका बिलात पुरवठादाराने जीएसटी क्रमांकच भलत्याचा टाकला होता. ते बिल आपोआप कधीच येणार नव्हतं. फोन करून दुरुस्त करून घ्यावं लागणार होतं. तिसरं बिल टू-बीमध्ये होतं, पण दुकानाच्या यादीत नव्हतं, कारण माल अजून वाटेत होता. माल हातात आल्याशिवाय त्याची वजावट घेता येत नाही. म्हणजे एकासाठी थांबायचं, एक दुरुस्त करून घ्यायचं, एक या महिन्यापुरतं सोडून द्यायचं. प्रत्येक फरकाचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा.

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. विचारलं, "अकरावीत बँक जुळवणी पत्रक केलं होतंस?"

"हो सर, पैकीच्या पैकी मार्क होते."

"त्यात चेक बँकेत भरला, पण अजून वटला नाही, तर?"

"आपल्या रोकडवहीत दिसतो, पासबुकात नाही."

"आणि बँकेने परस्पर शुल्क कापलं तर?"

"पासबुकात दिसतं, आपल्या वहीत नाही."

मग ती थांबली. संगणकाकडे बघितलं, यादीकडे बघितलं. "सर, हे तेच आहे की."

तेच आहे. वटायचा राहिलेला चेक म्हणजे उशिरा दाखवलेलं बिल. आपल्या वहीत नसलेलं बँकशुल्क म्हणजे वाटेतला माल. दोन माणसांनी एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी ठेवल्या की त्या कधीच जशाच्या तशा जुळत नाहीत, आणि फरकाचं कारण शोधणं हाच हिशेबनिसाचा खरा धंदा. ही गोष्ट महाराष्ट्र बोर्ड सोळाव्या वर्षी शिकवतं. पुढची तीन-चार वर्षं कुणीच त्या पोरीला सांगत नाही की तुझं पोट याच गोष्टीवर चालणार आहे.

आता तिच्याकडे काय नव्हतं ते सांगतो. दोन्ही याद्या एक्सेलमध्ये होत्या आणि तिला एक्सेल येत नव्हतं. पदवीला संगणक हा विषय होता, पण लेखी. तिने एक्सेलवर पाच मार्कांची टीप लिहिली होती. नुसता बिल क्रमांक शोधून चालत नाही, कारण दोन पुरवठादारांचं बिल क्रमांक ४५ असू शकतं. म्हणून दोन्ही याद्यांत जीएसटी क्रमांक आणि बिल क्रमांक D रकान्यात जोडायचे आणि तो जोड दुसऱ्या यादीत शोधायचा. एवढंच:

```
=B2&C2
=VLOOKUP(D2,'2B'!D:F,3,0)
```

जिथे `#N/A` आलं तिथे बिल सापडलं नाही. पण त्यातली निम्मी बिलं खरी गायब नसतात. एकाने क्रमांक 045 लिहिला, दुसऱ्याने 45. एकाने तिरकी रेघ टाकली, दुसऱ्याने आडवी. कुठे शेवटी एक रिकामी जागा राहून गेली. हे ओळखायला डोळा लागतो, आणि डोळा दहा-बारा याद्या हाताखालून गेल्यावर तयार होतो. ती मुलगी तिसऱ्या दिवशी ही याद्यांची जुळवाजुळव स्वतः करायला लागली. दीड महिन्यात टॅलीतल्या नोंदी, बँकेची जुळवणी, टीडीएसची यादी आणि महिन्याची दोन्ही विवरणं ती भरू लागली. मित्र फक्त शेवटी नजर टाकायचा.

म्हणजे पदवी आणि नोकरी यांच्यात जी दरी आहे म्हणून सगळे ओरडतात, ती या कामात सहा आठवड्यांची होती. दरी खरीच आहे. पण सहा आठवड्यांच्या दरीपायी कुणी तीन वर्षं घरी बसत नाही.

विद्यापीठांची बाजू आधी घेतो आणि मग त्यांचा कान धरतो. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला आणि बी.कॉम.च्या अभ्यासक्रमांत शिरायला त्याला फार वेळ लागला नाही. अभ्यासक्रमात विषयच नाही, ही तक्रार शिळी झाली. विषय आहे. तरीही दर शिकवत बसलं की अभ्यासक्रम हरणारच. २२ सप्टेंबर २०२५ ला १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ गेले, बहुतेक वस्तू ५ किंवा १८ वर आल्या. त्या दिवशी राज्यातल्या जीएसटीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं जुनी झाली. नवीन छापा, पुन्हा जुनी होतील. उद्योगाला आज हवं ते शिकवा, असं म्हणणाऱ्याने सांगावं की पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलाला आज हवं असलेलं तीन वर्षांनी कुणाला हवं असणार आहे? जुळवणी टिकते. दर टिकत नाही.

कान धरायचा तो परीक्षेसाठी. अभ्यासक्रमात काय छापलंय ते वर्गात शिकवलं जात नाही, परीक्षेत काय येतं ते शिकवलं जातं. एका विद्यापीठाला शेकडो महाविद्यालयं जोडलेली, सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि तपासणीला ठराविक दिवस. अशा परीक्षेत पेनाने लिहिता येईल आणि तीन मिनिटांत तपासता येईल तेच विचारलं जाणार. म्हणून भागीदारी संस्था मोडल्यावर हातात येईल तशी रोकड भागीदारांत कशी वाटायची, यावर पोरांचे महिने जातात. त्याची उत्तरं नीट जुळतात, गुण देणं सोपं जातं. गोंधळलेल्या दोन याद्या पुढे ठेवून "फरक शोध आणि प्रत्येक फरकाचं कारण सांग" असं विचारलं, तर तपासनिसाला डोकं लावावं लागेल. मी स्वतः तपासनीस होतो. मीही रोकडवाटपाचे प्रश्न काढले. ते काढताना समोरच्या पोराचं पुढे काय होणार, याचा विचार मी केला नाही, आणि आज मला त्याची खंत आहे.

आता मित्राकडे वळतो, कारण त्या दिवशी मी त्याला सोडलं नाही. मी विचारलं, "तुला सहा आठवड्यांत माणूस तयार झाला. मग जाहिरातीत एक वर्षाचा अनुभव कशाला मागतोस?"

त्याचं उत्तर सरळ होतं. "मी शिकवलं की ती वर्षाच्या आत पुण्याला जाते. दोन हजार जास्त मिळाले की गेली. मग मी का शिकवू?"

तो चूक नाही. गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने १९६४ च्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं. जे कौशल्य कुठल्याही मालकाकडे चालतं, त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक करत नाही, कारण शिकलेला माणूस ते कौशल्य घेऊन शेजारच्याकडे जाऊ शकतो. तो खर्च शेवटी शिकणाऱ्यावर पडतो. एक तर तो फी भरतो किंवा कमी पगारावर राबतो. जीएसटीची जुळवणी हे तसंच कौशल्य आहे, गावोगावी चालणारं. म्हणून मालक म्हणतो कॉलेजने शिकवावं, कॉलेज म्हणतं आम्ही पाया देतो, पुढचं मालकाने बघावं. आणि मधल्या मधे बसस्टँडजवळच्या गाळ्यात टॅलीचा क्लास उघडतो. त्याची फी भरते ती त्या पोरीची आई.

कौशल्याची दरी म्हणतात ती मुळात बिल कुणी भरायचं याची दरी आहे. सहा आठवड्यांचा खर्च तिघांपैकी ज्याची ऐपत सगळ्यात कमी, त्याच्यावर टाकून बाकीचे दोघे मोकळे झाले आहेत.

पण मी मित्राला आणखी एक विचारलं. "पगार किती देतोस?" सुरुवातीला ८ हजार, वर्षाने १०. "जाहिरातीला माणूस मिळाला नाही असं कधी झालं?" तो हसला. टेबलाच्या खणातून अर्जांचा गठ्ठा काढून दाखवला. त्यात टॅली आणि जीएसटी येणारी मुलंही होती.

इथे सगळ्यांनी दोन मिनिटं थांबावं. बाजारात एखाद्या कौशल्याचा खराखुरा तुटवडा असला, तर त्याची खूण दिसते. जागा बरेच दिवस रिकाम्या राहतात आणि त्या कौशल्याचा पगार वर सरकतो. उन्हाळ्यात लिंबू कमी आलं की भाव चढतो, तसंच. "माणसं मिळत नाहीत" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न पगाराचा विचारावा, आणि पाच वर्षांपूर्वी किती होता तेही विचारावं. पगार तिथेच असेल आणि खणात अर्जांचा गठ्ठा असेल, तर तुटवडा कौशल्याचा नाही, तुटवडा बऱ्या नोकऱ्यांचा आहे. अभ्यासक्रम कितीही सुधारला तरी त्या गठ्ठ्यात आणखी चार चांगले अर्ज वाढतील, टेबलं तीनच राहतील.

मित्राची अडचणही मला दिसते. लहान दुकानदार त्याला महिन्याला पाचशे-सातशे रुपये देतो, तेही मागे लागल्यावर. त्यातून तो पगार किती देणार?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालात २०२२ सालचे दोन आकडे आहेत. तरुणांमध्ये पदवीधरांचा बेरोजगारी दर २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांचा ३.४ टक्के. हे आकडे वाचून लगेच कुणीतरी म्हणतं की शिक्षणाने माणूस बिघडतो. तसं नाही. ज्याच्या घरात आजच्या चुलीची सोय नाही, त्याला बेरोजगार राहणं परवडत नाही. तो मिळेल ते काम धरतो आणि आकडेवारीत रोजगारी ठरतो. पदवीधराच्या मागे निदान एक शेत, एक पगार, एक मोठा भाऊ असतो, म्हणून तो थांबू शकतो. मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयार्ड आणि मॉरीन वुडहॉल यांनी १९६९ मध्ये भारतातल्या पदवीधरांच्या बेकारीवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं होतं की ही बेकारी बव्हंशी चांगल्या नोकरीसाठी वाट बघण्याची आहे, आणि ही वाट बघणं वेडेपणाचं नसून हिशेबी आहे. पन्नासाहून अधिक पावसाळे गेले, पण चित्र ओळखीचंच आहे.

हिशेब कसा, तो बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. तलाठ्याची वेतनश्रेणी २५,५०० पासून सुरू होते, वर महागाई भत्ता. समोर करसल्लागाराचे ८ हजार. तीन वर्षं अभ्यासिकेत बसलेल्या पोराला लोक आळशी म्हणतात. तो आळशी नाही. दोन पगारांतलं अंतर त्याला दिसतंय आणि घर जोवर सांभाळतंय तोवर तो थांबतोय. ते अंतर कुठलाही अभ्यासक्रम भरून काढू शकत नाही. अभ्यास मंडळाच्या बैठकीत पगार ठरत नसतात.

मग करायचं काय? मला एकच गोष्ट नेमकी दिसते, ती सांगतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या तिसऱ्या वर्षाला प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण आलं आहे. ४ श्रेयांक, म्हणजे १२० तास. रोज सहा तास धरले तर २० दिवस. वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी हे दिवस महिन्याच्या १ तारखेला सुरू करावेत, म्हणजे ११, १४ आणि २० या तिन्ही तारखा त्यात येतात आणि कामाचा एक पूर्ण फेरा पोरगं डोळ्यांनी बघतं. २१ तारखेला सुरू केलंत तर पहिले आठ-दहा दिवस ते बिलं फायलीला लावण्यात घालवेल.

यात काय बिघडतं तेही मला माहीत आहे. ओळखीच्या ऑफिसातून शिक्का मारून प्रमाणपत्र येतं, पोरगं एक दिवसही गेलेलं नसतं. ते पकडायला मोठी यंत्रणा लागत नाही. तोंडी परीक्षेत विचारावं: टू-बी कधी आलं? त्यात कोणतं बिल सापडलं नाही? का नाही? तू कुणाला फोन केलास, तो काय म्हणाला? जो बसला होता तो पाच मिनिटं सांगत राहतो. जो नव्हता तो पहिल्याच प्रश्नाला खाली बघतो.

दुसरी अडचण खरी जड आहे. एका तुकडीत १२० मुलं, आणि तालुक्यात करसल्लागारांची ऑफिसं मोजकी. प्रत्येकाने दोन मुलं घेतली तरी निम्मी तुकडीसुद्धा बसत नाही. पोर्टल कॉलेजात उघडता येत नाही, कारण ते करदात्याच्या नावाने आणि त्याच्या पासवर्डने उघडतं. पण टू-बी एक्सेलमध्ये उतरवता येतं. नावं आणि क्रमांक बदलून दोन याद्या कॉलेजच्या संगणकावर ठेवल्या, त्यात मुद्दाम वीस फरक पेरले, तर उरलेल्या मुलांना तेच काम करता येईल. याला नवा अभ्यासक्रम लागत नाही, नवी इमारत लागत नाही. एक चालू संगणक कक्ष लागतो आणि फरक पेरायला वेळ असलेला एक शिक्षक. हा शिक्षक तासिका तत्त्वावरचा असेल तर तो वेळ कुठून आणणार, हा प्रश्न मात्र सरकारने ऐकावा.

बिलाचं काय? शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ वाल्यांना ऐच्छिक. पदवीधराच्या विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार देतं. खर्च वाटून घेण्याची ही रीत बरोबर आहे. पण माझ्या मित्राकडे तीन टेबलं आहेत, तीन माणसं आहेत. चाराच्या आतल्याला या कायद्यात जागाच नाही. तालुक्याच्या गावात वाणिज्य पदवीधराला जिथे खरं काम शिकायला मिळतं, ती बहुतेक ऑफिसं अशीच आहेत. अशा पाच-सहा ऑफिसांना एकत्र धरून एक आस्थापना मानावं, व्यापारी संघाने किंवा करसल्लागारांच्या संघटनेने त्यांची नोंदणी करावी, आणि विद्यावेतनातला सरकारचा वाटा तिथे पोचावा. मग मित्राला "मी का शिकवू" असं म्हणायला जागा उरणार नाही. पोरगी पुण्याला गेली तरी त्याच्या एकट्याच्या खिशातून काही जाणार नाही.

परवा पुन्हा त्या ऑफिसात गेलो. तारीख १५ होती. ती मुलगी खांद्यात फोन धरून कुणा पुरवठादाराशी बोलत होती. "काका, जीएसटी नंबर भलत्याचाच पडलाय तुमच्याकडून. या महिन्यात दुरुस्ती टाका ना, आमच्या गिऱ्हाइकाचे ३,२४० रुपये अडकलेत." पलीकडून काहीतरी उत्तर आलं, तिने वहीत टिपून घेतलं आणि फोन ठेवला. मला बघून म्हणाली, "सर, आता जुळतंय सगळं."

पगार विचारला. आठच. टेबलावर एक्सेलच्या छापील कागदांखाली स्पर्धा परीक्षेचं पुस्तक होतं, मधे पेन्सिल घातलेली. पुढच्या महिन्यात पेपर आहे म्हणाली, आणि नेमका १९ तारखेला. रजा मिळेल का, हे तिने मित्राला अजून विचारलं नव्हतं.